गोष्ट संपते कुठे?

"'शोगन' ही मिनीसिरीज आहे. चूक की बरोबर?" प्रश्नमंजूषेत असा प्रश्न आला, तर मालिका पाहिलेला स्पर्धक क्षणभरही थांबत नाही. जेम्स क्लॅव्हेलची जाडजूड कादंबरी, इ. स. १६०० च्या सुमाराचा जपान, किनाऱ्याला लागलेला इंग्रज खलाशी आणि दहा भागांत पुरी झालेली कथा. उत्तर अर्थातच 'बरोबर'. पण सप्टेंबर २०२४ मध्ये याच 'शोगन'ला अमेरिकेतील एमी पुरस्कारांत 'सर्वोत्कृष्ट ड्रामा सिरीज'चा मान मिळाला. त्या विभागात मिनीसिरीजला प्रवेशच नसतो. मग उत्तर काय द्यायचे?

गंमत अशी, की 'शोगन' नावाच्या मालिका दोन आहेत. पहिली एनबीसी वाहिनीने सप्टेंबर १९८० मध्ये सलग पाच रात्री दाखवली. तिच्यात रिचर्ड चेंबरलेन आणि तोशिरो मिफुने होते. ती निर्विवाद मिनीसिरीज. दुसरी एफएक्सची, फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली, हिरोयुकी सनादा आणि अॅना सवाई यांची. तीही आली तेव्हा लिमिटेड सिरीज म्हणूनच आली, कारण दहा भागांत कादंबरी संपत होती. मे २०२४ मध्ये एफएक्सने पुढच्या सीझनवर काम सुरू करत असल्याचे जाहीर केले, सनादाही परतणार हे स्पष्ट झाले आणि मालिका एमीसाठी ड्रामा विभागात गेली. पडद्यावरचे दहा भाग तेच राहिले, त्यांतले एक दृश्यही बदलले नाही. तरी प्रकार बदलला.

मालिकेचा प्रकार विचारणारे प्रश्न अवघड जातात ते इथेच. मिनीसिरीज, लिमिटेड सिरीज आणि अँथॉलॉजी सिरीज ही जणू तीन वेगळ्या खणांची नावे आहेत आणि प्रत्येक मालिका त्यांपैकी एकाच खणात बसते, असे स्पर्धक समजून चालतो. प्रत्यक्षात पहिली दोन नावे जवळजवळ एकाच गोष्टीची आहेत आणि तिसरे नाव वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर आहे.

मिनीसिरीजची सुरुवात पाहिली की पहिला गुंता सुटतो. अमेरिकी टीव्हीवर मालिका म्हणजे दर आठवड्याला येणारी, प्रेक्षक मिळतील तोवर वर्षानुवर्षे चालणारी गोष्ट. १९७६ मध्ये एबीसी वाहिनीने 'रिच मॅन, पुअर मॅन' ही कादंबरी मोजक्या भागांत मांडली आणि ती गाजली. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९७७ मध्ये, त्याच वाहिनीने अॅलेक्स हेली यांच्या पुस्तकावरची 'रूट्स' सलग आठ रात्री दाखवली. गुलाम म्हणून आफ्रिकेतून पळवून आणलेल्या कुंटा किंटेची आणि त्याच्या पुढच्या पिढ्यांची ही कथा. शेवटचा भाग सुमारे दहा कोटी लोकांनी पाहिल्याचे तेव्हा सांगितले गेले. आरंभ आणि शेवट आधीच ठरलेला, भाग मोजके आणि कथा एकच, असा हा साचा 'मिनीसिरीज' या नावाने रूढ झाला.

या व्याख्येत कळीचा भाग आहे 'आधीच ठरलेला शेवट'. भागांची संख्या तिथे दुय्यम ठरते आणि प्रश्नमंजूषेत बहुतेक जण नेमके इथेच घसरतात. दुसऱ्या महायुद्धावरची 'वॉर अँड रिमेम्ब्रन्स' ही १९८८-८९ ची मालिका जाहिराती धरून तब्बल तीस तासांच्या घरात जाते, तरी ती मिनीसिरीजच होती आणि त्याच विभागात तिने एमी जिंकले. याउलट 'फायरफ्लाय' ही २००२ ची विज्ञानकथा अवघ्या चौदा भागांची आहे. तिला कोणी मिनीसिरीज म्हणत नाही, कारण फॉक्स वाहिनीने ती मध्येच बंद केली. लेखकाच्या डोक्यात पुढचे बरेच काही शिल्लक होते. संपलेली मालिका आणि संपवलेली मालिका यांत हा फरक आहे. 'एकच सीझन आला' एवढ्या पुराव्यावर मिनीसिरीज असे उत्तर लिहिले, तर बंद पडलेल्या शेकडो मालिका त्या यादीत जाऊन बसतील.

आता लिमिटेड सिरीज. हे नाव नवे, स्ट्रीमिंगच्या काळातले, असा सर्रास समज आहे. एमीचा इतिहास वेगळेच सांगतो. १९७७ मध्ये 'रूट्स'ला जो पुरस्कार मिळाला, त्या विभागाचे नाव 'लिमिटेड सिरीज' असेच होते. १९८० च्या 'शोगन'ला पुढच्या वर्षी मिळाला तोही 'लिमिटेड सिरीज'चाच. १९८६ मध्ये विभागाचे नाव 'मिनीसिरीज' झाले. २०११ मध्ये अशा मालिका इतक्या रोडावल्या होत्या, की हा विभाग टीव्हीसाठी बनवलेल्या चित्रपटांबरोबर एकत्र करावा लागला. २०१४ मध्ये दोन्ही पुन्हा वेगळे झाले आणि २०१५ मध्ये विभागाला जुने नाव परत मिळाले: लिमिटेड सिरीज. २०२१ पासून त्याचे नाव 'लिमिटेड किंवा अँथॉलॉजी सिरीज' असे आहे.

म्हणजे पाटी बदलत राहिली, आतला माल बराचसा तोच राहिला. पाच भागांची 'चेर्नोबिल' किंवा सात भागांची 'द क्वीन्स गॅम्बिट' यांना मिनीसिरीज म्हणा वा लिमिटेड सिरीज, दोन्ही बरोबर. प्रश्नकर्त्याने पर्यायांत हे दोन्ही शब्द वेगवेगळे देऊन त्यांतला एकच बरोबर धरला असेल, तर चूक प्रश्नाची आहे आणि स्पर्धकाने न संकोचता हरकत घ्यावी.

तरीही वापरात एक बारीक छटा आली आहे. जुन्या मिनीसिरीजचा पुढचा भाग निघालाच, तर तो नव्या नावाने स्वतंत्र मालिका म्हणून यायचा. 'रूट्स'नंतर १९७९ मध्ये 'रूट्स: द नेक्स्ट जनरेशन्स' आली ती अशी. आज लिमिटेड सिरीज गाजली, की त्याच नावाखाली दुसरा सीझन काढण्याचा मोह निर्मात्यांना आवरत नाही. एचबीओची 'बिग लिटल लाइज' २०१७ मध्ये सात भागांत संपली आणि लिमिटेड सिरीजचे एमी घेऊन गेली. २०१९ मध्ये त्याच बायका, तेच गाव आणि त्याच खुनाचे पडसाद घेऊन दुसरा सीझन आला आणि तो ड्रामा विभागात गेला. ब्रिटिश 'डाउन्टन अॅबी'चेही तेच झाले होते: २०११ मध्ये मिनीसिरीज आणि चित्रपटांच्या विभागात पुरस्कार, पुढच्या वर्षी ड्रामा विभागात हजेरी. म्हणून 'लिमिटेड' हे बिरुद एका विशिष्ट दिवसापर्यंतचे असते. पुढच्या सीझनची घोषणा ते काढून घेऊ शकते.

अँथॉलॉजीचा प्रश्न मात्र निराळा. तिथे मालिका किती काळ चालते याला महत्त्व नाही. ती वीस वर्षेही चालू शकते. महत्त्व आहे ते गोष्ट कुठे संपते आणि पुन्हा नव्याने कुठून सुरू होते याला. मराठी वाचकाला हे समजायला दिवाळी अंक पुरेसा आहे: मुखपृष्ठावरचे नाव दरवर्षी तेच, संपादकाची नजर तीच, आतल्या कथा मात्र नव्या आणि एकमेकींशी संबंध नसलेल्या.

गोष्ट दर भागाला संपत असेल, तर ती भागागणिक अँथॉलॉजी. रॉड सर्लिंग यांची १९५९ ते १९६४ या काळातली 'द ट्वायलाइट झोन' ही तिची ठळक खूण. चार्ली ब्रूकर यांची 'ब्लॅक मिरर' ही तिचीच आजची वारसदार. गोष्ट दर सीझनला संपत असेल, तर ती सीझनगणिक अँथॉलॉजी. २०११ ची 'अमेरिकन हॉरर स्टोरी' आणि २०१४ च्या 'फार्गो' व 'ट्रू डिटेक्टिव्ह' यांनी हा दुसरा प्रकार घराघरांत पोहोचवला. यातूनच पुढचा गोंधळ सुरू होतो. सीझनगणिक अँथॉलॉजीचा प्रत्येक सीझन सुटा पाहिला, तर तो हुबेहूब मिनीसिरीजसारखा दिसतो. 'फार्गो'च्या पहिल्या सीझनला २०१४ मध्ये एमी मिळाले ते मिनीसिरीज म्हणूनच. सीझनबद्दल विचारले तर मिनीसिरीज आणि संपूर्ण 'फार्गो'बद्दल विचारले तर अँथॉलॉजी, अशी दोन्ही उत्तरे एकाच वेळी खरी असू शकतात.

चेहरे पाहून निर्णय घेणे हा आणखी एक सापळा. 'अमेरिकन हॉरर स्टोरी'त सारा पॉलसन आणि इव्हान पीटर्स सीझनमागून सीझन दिसतात. एवढ्यावरून ती सलग मालिका ठरवणारा फसतो, कारण नट तेच असले तरी पात्रे नवी असतात. नट कोण परतले यापेक्षा पात्र कोणते परतले, हे विचारायला हवे. याच मालिकेने २०१८ च्या 'अपोकॅलिप्स' सीझनमध्ये मात्र जुन्या सीझनमधली पात्रेही परत आणली. तरीही तिला अँथॉलॉजीच म्हटले जाते, कारण एकंदर घडण तीच राहिली. नियमाला अपवाद आहेत आणि चांगला प्रश्नकर्ता नेमका त्यांच्याच शोधात असतो.

पात्र परतल्याने काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण 'द व्हाइट लोटस'. माइक व्हाइट यांची ही मालिका दर सीझनला वेगळ्या ठिकाणच्या आलिशान रिसॉर्टमध्ये घडते: २०२१ मध्ये हवाई, २०२२ मध्ये सिसिली, २०२५ मध्ये थायलंड. पाहुणे नवे, प्रेत नवे, गुंता नवा. पहिल्या सीझनने २०२२ मध्ये 'लिमिटेड किंवा अँथॉलॉजी सिरीज'चे एमी जिंकले आणि टान्या या भाबड्या, श्रीमंत बाईच्या भूमिकेसाठी जेनिफर कूलिजला त्याच गटात सहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. दुसऱ्या सीझनमध्ये सगळे बदलले, पण टान्या सिसिलीला पोहोचली आणि तिच्याबरोबर ग्रेगही. या वेळी मालिका ड्रामा विभागात गेली आणि कूलिजने पुन्हा एमी जिंकले, आता 'ड्रामा सिरीज'मधली सहाय्यक अभिनेत्री म्हणून. एकच नटी, एकच पात्र, मालिकेचे नावही एकच आणि पुरस्कार दोन वेगळ्या प्रकारांत.

यामागचा नियम टेलिव्हिजन अकादमीने २०१५ मध्ये नीट लिहून काढला. लिमिटेड सिरीजला किमान दोन भाग हवेत, एकूण लांबी किमान १५० मिनिटे हवी, गोष्ट पूर्ण व्हायला हवी आणि पुढच्या सीझनमध्ये तेच चालू कथानक किंवा तीच मुख्य पात्रे नसावीत. टान्या दुसऱ्या सीझनलाही मुख्य पात्र होती आणि तिची व ग्रेगची गोष्ट पुढे चालू राहिली होती. तिथेच हा नियम आडवा आला.

असे असूनही 'व्हाइट लोटस'ला प्रेक्षक, समीक्षक आणि बहुतेक संदर्भग्रंथ अँथॉलॉजीच म्हणतात आणि ते योग्यच आहे. पुरस्काराचा विभाग हा एका संस्थेने एका वर्षासाठी घेतलेला निर्णय असतो, मालिकेचा प्रकार ही तिच्या रचनेची गोष्ट असते. 'ट्रू डिटेक्टिव्ह'ने हे उलट्या बाजूने दाखवले आहे. तिचा पहिला सीझन शुद्ध अँथॉलॉजी होता, पण २०१४ च्या नियमांत सूट होती म्हणून एचबीओने तो ड्रामा विभागात उतरवला. पुढे २०२४ च्या 'नाइट कंट्री' या सीझनसाठी जोडी फॉस्टरला पुरस्कार मिळाला तो 'लिमिटेड किंवा अँथॉलॉजी' गटात. मालिकेची रचना दहा वर्षांत बदलली नव्हती. प्रश्नात 'कोणत्या विभागात पुरस्कार मिळाला' असे असेल, तर नोंद आठवावी लागते. 'प्रकार कोणता' असे असेल, तर रचना पाहावी लागते. 'ब्लॅक मिरर'च्या 'सॅन जुनिपेरो' या एका भागाला २०१७ मध्ये चक्क 'टेलिव्हिजन मूव्ही'चे एमी मिळाले. म्हणून 'ब्लॅक मिरर' काही चित्रपट होत नाही.

एक प्रश्न शेवटपर्यंत सोडवून पाहण्यासारखा आहे. समजा, विचारले: "'बीफ' या मालिकेचा प्रकार कोणता?" पर्याय: मिनीसिरीज, अँथॉलॉजी, ड्रामा. एप्रिल २०२३ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेल्या या दहा भागांत पार्किंगमधल्या एका भांडणाने डॅनी आणि एमी या दोघांची आयुष्ये कशी पोखरली जातात, हे दाखवले आहे. आधी पाहायचे, की गोष्ट कुठे संपते. भागाअखेर नाही, सीझनअखेर संपते. म्हणजे भागागणिक अँथॉलॉजी बाद. मग विचारायचे, पुढचा सीझन आहे का? २०२३ मध्ये नव्हता. म्हणून तेव्हाचे उत्तर लिमिटेड किंवा मिनीसिरीज आणि एमीही त्याच गटातले. ऑक्टोबर २०२४ मध्ये दुसरा सीझन जाहीर झाला. आता पाहायचे, पात्रे कोण? ऑस्कर आयझॅक आणि कॅरी मलिगन यांच्यासह नवे नट, नवी जोडपी, नवे भांडण. डॅनी-एमी नाहीत. त्यामुळे 'बीफ' ड्रामाकडे न जाता अँथॉलॉजी झाली. 'शोगन' आणि 'बीफ' दोन्ही एका सीझनच्या मालिका म्हणून सुरू झाल्या, दोन्हींना दुसरा सीझन मिळाला, पण एकीचे मुख्य पात्र परतणार होते आणि दुसरीचे नाही. दोघींच्या वाटा वेगळ्या झाल्या त्या एवढ्याच कारणाने.

हीच तपासणी भारतीय मालिकांनाही लागू पडते आणि आपल्याकडच्या प्रश्नमंजूषांत त्या वरचेवर येतात. ऑक्टोबर २०२० मध्ये सोनी लिव्हवर आलेली 'स्कॅम १९९२' ही सुचेता दलाल आणि देबाशिष बसू यांच्या पुस्तकावर आधारलेली, हंसल मेहता यांची दहा भागांची मालिका. दलाल स्ट्रीटवरच्या हर्षद मेहताची चढती आणि पडती कमान तिथे पूर्ण होते. त्या वर्षी तिला मिनीसिरीज म्हणणारा बरोबर होता. २०२३ मध्ये तेलगीच्या बनावट मुद्रांक प्रकरणावर 'स्कॅम २००३' आली, नवा आरोपी घेऊन, आणि 'स्कॅम' हे अँथॉलॉजीचे सामायिक नाव बनले. श्याम बेनेगल यांची २०१४ ची 'संविधान' मात्र दहा भागांवर थांबली आणि थांबलेलीच राहिली. सचिन खेडेकर यांनी त्यात डॉ. आंबेडकरांची भूमिका केली आहे. राधिका आपटेची तीन भागांची 'घूल' हीदेखील सरळ मिनीसिरीज.

'मॉडर्न लव्ह मुंबई'मध्ये सहा दिग्दर्शकांच्या सहा गोष्टी आहेत, त्यांतली एक थेट 'आय लव्ह ठाणे'. ती भागागणिक अँथॉलॉजी, हे उघड आहे. शंकर नाग यांच्या 'मालगुडी डेज'कडे पाहताना जरा थबकायला होते. आर. के. नारायण यांच्या बऱ्याच कथा तिथे एकेका भागात संपतात, पण स्वामीची गोष्ट अनेक भाग चालते. गाव तेच राहते आणि माणसे बदलतात, म्हणून तिलाही अँथॉलॉजीच म्हणावे, हे मत पटण्यासारखे आहे.

आणखी एक फसगत 'लस्ट स्टोरीज'ची. चार दिग्दर्शक, चार कथा, एक नाव. वर्णन हुबेहूब अँथॉलॉजी सिरीजचे, पण २०१८ मध्ये ती एका बैठकीत पाहायचा एकच चित्रपट म्हणून आली. तो अँथॉलॉजी चित्रपट आहे, सिरीज नाही. सत्यजित राय यांच्या कथांवरची २०२१ ची 'रे' चार स्वतंत्र भागांत आली, म्हणून ती सिरीज. शिवाय आंतरराष्ट्रीय एमीत चित्रपट आणि मिनीसिरीज एकाच विभागात असतात. तिथे 'लस्ट स्टोरीज'ला २०१९ मध्ये नामांकन मिळाले, ते पाहून तिला मिनीसिरीज ठरवणारेही भेटतात.

प्रश्न तयार करणाऱ्यांकडे यासाठी एक मागणी करायला हवी. मालिकेच्या नावापुढे सीझन आणि वर्ष लिहावे, आणि उत्तर एमीच्या नोंदीवरून हवे आहे की मालिकेच्या रचनेवरून, हे प्रश्नातच सांगावे. "२०२१ च्या पहिल्या सीझनसाठी 'द व्हाइट लोटस'ला एमीच्या कोणत्या विभागात पुरस्कार मिळाला?" या प्रश्नाला एकच उत्तर आहे. "'द व्हाइट लोटस' कोणत्या प्रकारची मालिका?" असे नुसते विचारणाऱ्याने दोन उत्तरांना गुण द्यायची तयारी ठेवावी.